ब्रॅडलींचं वाक्य आणि माझं वाक्य

माझा शोधनिबंध गेल्या बुधवारी जमा झाला. विषय होता हॅम्लेटचा विलंब, म्हणजे बापाच्या खुनाचा सूड घ्यायला तो इतका वेळ का लावतो, आणि या प्रश्नाची टीकाकारांनी दिलेली उत्तरं. निबंध मराठीत, साधारण पाच हजार शब्दांचा. लिहायला तीन महिने लागले आणि त्यानंतर जवळजवळ सहा आठवडे एकाच कामात गेले: टीकाकारांचं म्हणणं स्वतःच्या शब्दांत, पण त्यांच्या नावावर, नीट मांडणं. जूनमध्ये मला वाटत होतं की हे मला येतं. इंग्रजीत वाचून मराठीत लिहिणाऱ्या अनेकांना तसंच वाटत असणार, म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी वाचायला घेतलं ते ए. सी. ब्रॅडली यांचं ‘शेक्सपिरियन ट्रॅजेडी’. १९०४ साली प्रसिद्ध झालेली ही दहा व्याख्यानं आहेत, त्यातलं तिसरं आणि चौथं हॅम्लेटवर. सोबत टी. एस. इलियट यांचा हॅम्लेटवरचा १९१९चा निबंध. इंग्रजी वाक्य वाचायचं, समजलं की वहीत मराठीत उतरवायचं, अशी माझी पद्धत होती. ‘आपल्या भाषेत लिहितोय म्हणजे आपल्या शब्दांतच लिहितोय’ असं मी धरून चालले होते. मूळ इंग्रजी वाक्य वहीत उतरवलंच नाही, कारण पुस्तक हाताशी होतं. पान क्रमांक कधी लिहिला, कधी राहिला. मधूनमधून मला सुचलेलंही त्याच शाईने, त्याच ओळींत लिहीत गेले. पुढची सगळी अडचण या वहीत होती, पण ते कळायला सप्टेंबर उजाडावा लागला.

४ सप्टेंबरला पहिला खर्डा मार्गदर्शक मॅडमना दिला. सोबत सॉफ्टवेअरचा साम्य-अहवालही जोडला होता. साम्य ६ टक्के. तेही बहुतेक ग्रंथांची नावं आणि ‘प्रस्तुत निबंधात’ छापाची वाक्यं. मी निश्चिंत होते. नऊ दिवसांनी मॅडमनी बोलावलं. खर्ड्यात पानोपानी पेन्सिलीच्या खुणा होत्या आणि सातव्या पानावरचा एक अख्खा परिच्छेद चौकटीत होता.

“अहवाल स्वच्छ आहे,” त्या म्हणाल्या, “पण हा परिच्छेद तुझा नाही.”

मी म्हटलं, “मॅडम, मी कुठूनही उतरवलेलं नाही. मराठीत हे कुठे आहे?”

“मराठीत नाही. ब्रॅडलींच्या तिसऱ्या व्याख्यानात आहे. काढ.”

ते वाक्य इथे देते, कारण सगळं त्याभोवतीच फिरलं. विचारांच्या अतिरेकामुळे हॅम्लेटच्या हातून कृती होत नाही, असं मानणाऱ्या मताचा ब्रॅडली समाचार घेत असतात. ही मांडणी मुख्यतः इंग्रज कवी आणि समीक्षक कोलरिज यांच्या नावाने ओळखली जाते. ब्रॅडलींच्या त्या वाक्याचा मी आता केलेला अनुवाद असा: ‘भुतामागे धावणारा, पोलोनियसला ठार करणारा, जहाजावर राजाच्या आज्ञापत्राचा निकाल लावणारा, चाच्यांच्या जहाजावर चढणारा, थडग्यात उडी घेणारा, शेवटचा सूड उगवणारा हा जो माणूस आपण पाहतो, तो आणीबाणीच्या प्रसंगी कधी कचरणारा किंवा मंद असू शकेल, हे सरळसरळ अशक्य आहे.’

आणि माझ्या खर्ड्यात होतं: ‘पिशाच्चाचा पाठलाग करणारा, पोलोनियसचा वध करणारा, राजाचे पत्र बदलून टाकणारा, समुद्री लुटारूंच्या गलबतावर झेपावणारा, कबरीत उतरणारा आणि अंती प्रतिशोध घेणारा हॅम्लेट संकटसमयी डगमगणारा होता, असे म्हणताच येणार नाही.’

या वाक्याला संदर्भ नव्हता. ब्रॅडलींचं नाव पुढच्या परिच्छेदाच्या शेवटी कंसात एकदा येत होतं. ते एक नाव दोन्ही परिच्छेदांना पुरेल अशी माझी समजूत होती.

मॅडमनी दोन्ही वाक्यं शेजारी ठेवली आणि प्रत्येक तुकड्यावर आकडा घातला. दोन्हीकडे एक ते सहा. भूत, पोलोनियस, आज्ञापत्र, चाचे, थडगं, सूड. मग निष्कर्ष. ‘भूत’चं ‘पिशाच्च’ झालं होतं, ‘ठार करणं’चा ‘वध’ झाला होता, पण सांगाडा जसाच्या तसा. रिबेका मूर हॉवर्ड या अभ्यासक बाईंनी अशा लिखाणाला १९९०च्या दशकात ‘पॅचरायटिंग’ असं नाव दिलं, हे मॅडमकडूनच कळलं. मूळ वाक्यातले काही शब्द गाळायचे, काहींच्या जागी समानार्थी बसवायचे, व्याकरण थोडं हलवायचं, आणि वाक्य मात्र तेच ठेवायचं. ते बऱ्याचदा फसवण्यासाठी केलं जात नाही. समोरचा मजकूर अजून पुरता आपला झालेला नसताना माणूस असं लिहितो, हे हॉवर्ड यांचं निरीक्षण मला माझ्याबाबतीत अगदी खरं वाटलं.

पण त्या दिवशी मी वाद घातला. मला तो मुद्दा मनापासून पटत नव्हता. “मॅडम, हे प्रसंग शेक्सपिअरचे आहेत, ब्रॅडलींचे नाहीत. नाटकात जे घडतं ते कुणीही सांगू शकतं. आणि क्रमही नाटकातलाच आहे.”

मॅडमनी नाटक माझ्यापुढे सरकवलं. “बघ बरं, नाटकातला क्रम हाच आहे का?”

मी पानं उलटली. चाच्यांची हकीकत आपल्याला कळते ती चौथ्या अंकाच्या सहाव्या प्रवेशात, हॅम्लेटने आपल्या मित्राला, होरेशियोला, पाठवलेल्या पत्रातून. थडग्यातली उडी पाचव्या अंकाच्या पहिल्या प्रवेशात. आणि जहाजावर त्याने राजाचं आज्ञापत्र कसं उघडलं आणि दुसरं लिहून ठेवलं, हे तो स्वतः होरेशियोला सांगतो ते त्याच्याही नंतर, पाचव्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशात. म्हणजे नाटक वाचत गेलेल्या माणसाच्या यादीत आज्ञापत्र थडग्याच्या नंतर आलं असतं. ब्रॅडलींनी घटना जशा घडल्या असतील तशा लावून घेतल्या आहेत, आज्ञापत्र आधी आणि चाचे दुसऱ्या दिवशी. माझ्याकडे नेमका तोच क्रम होता.

“आणि हे सहाच का?” मॅडमनी विचारलं. “राजाला पकडण्यासाठी त्याने नाटक रचलं, तीही कृतीच आहे. ती या यादीत नाही. का नाही, याचा ब्रॅडलींनी विचार केला असणार. तू केलास का?”

मी केला नव्हता. पोलोनियस मरतो, हे सांगायला कुणाचं नाव लागत नाही. पण शेकडो घटनांमधून या सहा वेचून एका मताविरुद्ध पुराव्यासारख्या ओळीने उभ्या करणं हे ब्रॅडलींचं काम आहे, आणि मी शब्द बदलून ते काम उचललं होतं. साहित्याच्या निबंधात हे ओळखणं अवघड जातं, कारण माहिती सगळ्यांसमोर उघडी असते आणि टीकाकाराची मेहनत निवडीत आणि जुळणीत लपलेली असते. सॉफ्टवेअर अक्षरांच्या ओळी जुळवून पाहतं. इंग्रजी पुस्तकातली निवड मराठी वाक्यात आली तर आमच्या अहवालाला ती दिसण्याची शक्यताच नव्हती.

घरी येऊन दोन दिवस मी खर्डा उघडला नाही. चोरीचा विचारही मनात नसताना चोरीच्या इतक्या जवळ जाऊन आले होते, याचं वाईट वाटत होतं आणि थोडी भीतीही. सातव्या पानावर हे असेल तर बाकी पानांवर काय असेल?

१६ सप्टेंबरला पुन्हा बसले. पहिला उपाय अगदी सोपा केला. वाक्याच्या सुरुवातीला ‘ब्रॅडली यांच्या मते’ जोडलं, सहापैकी दोन प्रसंग गाळले, शेवटी कंसात संदर्भ टाकला आणि मॅडमना पाठवलं. उत्तर लगेच आलं: “आता कल्पनेचं श्रेय दिलंस, पण वाक्यरचना अजून त्यांची आहे आणि तू ती आपली म्हणून दाखवतेयस. एकतर अवतरणचिन्हांत त्यांचंच वाक्य दे, किंवा त्यांचं म्हणणं समजून तू सांग. मधली जागा नाही.”

हा मुद्दा मला आधी कुणी इतका स्पष्ट सांगितला नव्हता. श्रेय दोन गोष्टींचं असतं. नाव दिल्याने विचाराचं श्रेय दिलं जातं. शब्दांचं आणि रचनेचं श्रेय अवतरणचिन्हं देतात. अवतरणचिन्हं नसली की वाचक धरून चालतो की वाक्याची घडण लिहिणाऱ्याची आहे. त्यामुळे संदर्भ बिनचूक असूनही वाक्य उसनं राहू शकतं.

दुसरा प्रयत्न मी वेगळ्या रीतीने केला, आणि पुढे सगळ्या निबंधासाठी तीच रीत ठेवली. ब्रॅडलींची ती चार-पाच पानं सलग दोनदा वाचली. एक वाक्य नाही, पूर्ण युक्तिवाद. मग पुस्तक मिटून दुसऱ्या खोलीत ठेवलं. बहिणीला बसवलं. तिचा साहित्याशी संबंध नाही, हॅम्लेटची गोष्ट तिला ढोबळ माहीत आहे. तिला म्हटलं, “या गृहस्थांना काय म्हणायचंय ते सांगते, कळलं नाही तर थांबव.” तिने तीनदा थांबवलं. एकदा विचारलं, “म्हणजे तो आळशी नाही असं म्हणायचंय, की विचार करत बसत नाही असं?” मला उत्तर देता येईना. पुन्हा पुस्तक उघडावं लागलं.

तेव्हा दिसलं की मी ब्रॅडलींना चुकीचंही समजले होते. खर्ड्यात मी लिहिलं होतं की ते कोलरिजचं मत साफ फेटाळतात. प्रत्यक्षात आधी ते मान्य करतात की हे मत नाटकाच्या संहितेच्या जवळ जाणारं आहे आणि हॅम्लेटच्या स्वगतांतून त्याला आधारही मिळतो. त्यांचं भांडण कारणाशी आहे. हॅम्लेट मुळातच अतिविचारी स्वभावाचा म्हणून थांबला, हे त्यांना मान्य नाही. बापाचा मृत्यू आणि त्याहून जास्त आईचं घाईघाईचं लग्न, या धक्क्याने त्याच्यावर खोल खिन्नता आली आणि तिने त्याला जखडलं, असं ते म्हणतात. एरवीच्या परिस्थितीत हाच माणूस ते काम करायला समर्थ होता. नुसता विचार करत राहणं हे त्यांच्या लेखी त्या खिन्नतेचं लक्षण आहे, मूळ कारण नव्हे. शब्दांशी खेळत वाक्यं फिरवली तेव्हा हा फरक माझ्या नजरेतून पूर्ण सुटला होता. तोंडी सांगताना तो सुटूच शकला नाही.

मग पुस्तक मिटलेलं ठेवूनच लिहिलं. तिसरा खर्डा असा झाला: ‘कोलरिज यांच्या परंपरेतील वाचन हॅम्लेटच्या स्वगतांशी जुळते हे ब्रॅडली नाकारत नाहीत, त्यांचा आक्षेप त्यातील कारणमीमांसेवर आहे. प्रसंग अंगावर आला की विचाराला वेळच उरत नाही आणि मग हॅम्लेट मागे राहत नाही, हे नाटकातील घटनांवरून दाखवून ते विलंबाचे मूळ स्वभावात न शोधता आईच्या विवाहाने आलेल्या खिन्नतेत शोधतात. अतिविचार हे त्यांच्या मते त्या अवस्थेचे लक्षण ठरते (ब्रॅडली, व्याख्यान ३).’

या तीन वाक्यांना अडीच तास लागले. मग पुस्तक उघडून ताडून पाहिलं. आधी शब्द पाहिले: सलग तीन-चार शब्द मूळ वाक्याच्या अनुवादासारखे येतात का? मग क्रम: त्यांचे मुद्दे ज्या ओळीने येतात त्याच ओळीने माझे येतात का, आणि येत असतील तर दुसरा मार्ग खरंच नव्हता का? शेवटी वजन: त्यांनी ‘काही अंशी’ म्हटलं तिथे मी ‘पूर्णपणे’ तर म्हटलं नाही ना? पहिल्या दोन चाचण्या वाङ्मयचौर्यासाठी. तिसरी प्रामाणिकपणासाठी. नाव टीकाकाराचं आणि मत त्याचं नसलेलं, हेही त्याच्यावर अन्यायाचंच.

मॅडमनी हा परिच्छेद पाहिला आणि एकाच ठिकाणी खूण केली. “‘विचाराला वेळच उरत नाही’, हे ब्रॅडली म्हणतात की तू?”

पुस्तकात पाहिलं. ते आणीबाणीच्या प्रसंगाबद्दल बोलतात; विचाराला वेळ न उरण्याची जोड मी माझ्याकडून दिली होती. बोलण्याच्या ओघात आली आणि ब्रॅडलींच्या नावाखाली जाऊन बसली. आधी मी त्यांचं आपलं म्हणून घेतलं होतं, आता माझं त्यांच्या माथी मारत होते.

ते वाक्य काढायला गेले आणि थांबले, कारण ते खरं आहे का हेच मी तपासलं नव्हतं. आज्ञापत्राचा प्रसंग पुन्हा वाचला. रात्र आहे, मनातल्या घालमेलीमुळे हॅम्लेटला झोप येत नाही, तो अंधारात चाचपडत जाऊन आज्ञापत्र उघडतो, नवं सुवाच्य अक्षरात लिहितो, बापाच्या मुद्रेने ते मोहोरबंद करतो. वेळ त्याच्याकडे भरपूर आहे. आणि तरी तो होरेशियोला सांगतो की मी मेंदूपुढे प्रस्तावना करण्याआधीच मेंदूने नाटक सुरूही करून टाकलं होतं. म्हणजे वेळ असूनही विचार मागे राहिला होता. ‘वेळ उरत नाही’ हे माझं वाक्य चुकीचं होतं, पण त्यातून निबंधातला माझा एकमेव स्वतंत्र मुद्दा निघाला: हॅम्लेट कृती करतो ती वेळ कमी मिळाला म्हणून नव्हे; कृतीने त्याला प्रस्तावना करू दिली नाही तेव्हाच ती त्याच्या हातून घडते. ते मी वेगळ्या परिच्छेदात, ‘ब्रॅडलींच्या यादीतील आज्ञापत्राचा प्रसंग मला वेगळा वाटतो’ अशा सुरुवातीने लिहिलं. नाव त्यांचं जिथे संपतं तिथे परिच्छेद संपवला आणि माझं नव्या परिच्छेदात सुरू केलं.

ही हद्द दाखवण्याबद्दल थोडं लिहिते, कारण यात मी खूप दिवस गोंधळले होते. अवतरणाला दोन टोकांना दोन चिन्हं असतात, त्यामुळे उसनं कुठून कुठवर ते दिसतं. स्वतःच्या शब्दांत सांगितलेल्या म्हणण्याला शेवटी फक्त कंस असतो. तो कंस मागच्या एका वाक्याचा आहे की चार वाक्यांचा, हे वाचकाला कळायला मार्ग नसतो. म्हणून टीकाकाराचं नाव सुरुवातीच्या वाक्यात आणि पान क्रमांक किंवा व्याख्यान शेवटच्या वाक्यानंतर, अशी दोन खुंट्यांची हद्द घालायची. मध्ये तीन-चार वाक्यं असली तर एखाद्यात ‘त्यांच्या मते’, ‘ते पुढे म्हणतात’ यायला हवं, नाहीतर वाचक मधल्या वाक्यांना माझी समजतो. पान क्रमांकाचंही एक सांगते. ब्रॅडलींच्या पुस्तकाच्या आवृत्त्या अनेक आहेत आणि पानं जुळत नाहीत. म्हणून मी व्याख्यानाचा क्रमांक दिला आणि कोणती प्रत वापरली ते संदर्भसूचीत लिहिलं.

इलियट यांच्याबाबतीत चूक उलट होती. तिथे मी शब्द बदलायला नको होते तिथे बदलले. ‘ऑब्जेक्टिव्ह कोरिलेटिव्ह’ ही संज्ञा त्या निबंधामुळेच समीक्षेत रूढ झाली. एखादी भावना कलेत व्यक्त करायची तर तिला नेमकी जागवणारी वस्तू, प्रसंग किंवा घटनांची साखळी हवी, असा तिचा थोडक्यात अर्थ. माझ्या वहीत ती ‘भावनेचा वस्तुरूप आधार’ अशी होती आणि खर्ड्यातही तशीच गेली, जणू ती माझीच शब्दयोजना. टीकाकाराने बनवलेली किंवा त्याच्यामुळे ओळखली जाणारी संज्ञा स्वतःच्या शब्दांत सांगायची नसते. ती पहिल्यांदा येते तेव्हा अवतरणचिन्हांत, त्याच्या नावासह ठेवायची आणि अर्थ आपण उलगडायचा. त्यानंतर ती मोकळी वापरता येते.

त्याच निबंधातलं दुसरं वाक्य मला खटकलंच नव्हतं. ‘हॅम्लेटच्या मनातील भावना ही समोर आलेल्या वस्तुस्थितीहून मोठी आहे’, असं मी बिनसंदर्भ लिहिलं होतं. इतक्या ठिकाणी वाचलं होतं की ते सर्वज्ञात वाटत होतं. हे इलियट यांचं म्हणणं आहे, आणि नाटक त्यामुळे कलाकृती म्हणून फसतं हा त्यांचा निष्कर्ष. मॅडमनी मला एक कसोटी दिली: “या वाक्याला कुणी ‘नाही’ म्हणू शकेल का?” हॅम्लेट सूड घ्यायला उशीर करतो, याला ‘नाही’ म्हणायला फारसं कुणी येणार नाही. भावना घटनांहून मोठी आहे, याला ‘नाही’ म्हणणारे येतील, म्हणजे ते मत आहे, आणि मताला मालक असतो. ही कसोटी प्रत्येक वेळी लागू पडते असं नाही, पण माझ्या खर्ड्यातली अशी अकरा वाक्यं तिने बाहेर काढली.

ती अकरा वाक्यं कुणाची, हे शोधायला मी जूनच्या वहीकडे गेले आणि तिथे अडकले. सगळं मराठी, सगळं एका शाईत. ब्रॅडली कुठे संपतात, इलियट कुठे सुरू होतात, माझं कुठलं, काही कळेना. दोन्ही लेखन पुन्हा वाचून नव्या वहीत टिपणं काढली. त्यात अकरा दिवस गेले, २० ते ३० सप्टेंबर. या वेळी पानाचे तीन उभे भाग केले. डावीकडे मूळ इंग्रजी शब्द, जसेच्या तसे, पान किंवा व्याख्यान क्रमांकासह. मध्ये पुस्तक मिटून लिहिलेला मराठी सारांश. उजवीकडे हिरव्या शाईत फक्त माझं. मूळ भाषेतले शब्द वहीत असणं फार महत्त्वाचं आहे, कारण अनुवाद केलेल्या टिपणावरून नंतर कळत नाही की आपण सांगितलं होतं की भाषांतर केलं होतं. अकरापैकी सात वाक्यांचे मालक सापडले, दोन खरोखर माझी निघाली, आणि दोन कुठून आली ते शेवटपर्यंत कळलं नाही. ती दोन काढून टाकली.

याच वेळी आणखी एक गोष्ट लक्षात आली. निबंधात मी कोलरिज यांचा संदर्भ थेट दिला होता, पण त्यांचं लेखन मी उघडलंच नव्हतं. जे होतं ते ब्रॅडलींनी मांडलेलं कोलरिज. ग्रंथालयात मूळ टिपणांच्या पुस्तकासाठी २२ सप्टेंबरला नाव लिहून आले; ते दुसऱ्याकडे गेलेलं होतं आणि माझ्या मुदतीपर्यंत परत आलं नाही. म्हणून ‘ब्रॅडली यांनी मांडल्याप्रमाणे कोलरिज’ असं लिहिलं आणि संदर्भसूचीतून कोलरिज यांचं पुस्तक वगळलं. सूची एका ओळीने लहान झाली. ब्रॅडली या मताला जर्मन समीक्षक श्लेगेल आणि कोलरिज या दोघांचं नाव देतात. श्लेगेल मी एक ओळही वाचलेले नसल्याने त्यांचं नावही फक्त ब्रॅडलींच्या तोंडून येतं असं ठेवलं.

८ ऑक्टोबरला दुसरा पूर्ण खर्डा दिला. या वेळी सुधारायला फार नव्हतं. ब्रॅडलींचं ते सहा प्रसंगांचं वाक्य मी शेवटी अवतरण म्हणूनही घेतलं, कारण त्याचा जोर सारांशात येत नाही आणि पुढे माझा युक्तिवाद त्यातल्याच एका प्रसंगावर होता. मजकुरात माझा मराठी अनुवाद, तळटीपेत मूळ इंग्रजी, आणि त्याखाली ‘अनुवाद माझा’. इलियट यांच्या एका वाक्याचंही तसंच केलं. बाकी सगळीकडे स्वतःच्या शब्दांत.

नवा साम्य-अहवाल काढला तर आकडा ६ वरून ९ टक्क्यांवर गेला होता. क्षणभर काळजात धस्स झालं. पाहिलं तर वाढ तळटीपांमधल्या मूळ इंग्रजी वाक्यांची होती. सॉफ्टवेअरला ती अवतरणं म्हणून ओळखता आली नव्हती, कारण मी तिरका ठसा वापरला होता आणि अवतरणचिन्हं दिली नव्हती. चिन्हं घालून पुन्हा काढला, तेव्हा ७ टक्के आले. सदोष खर्ड्याचे ६ आणि दुरुस्त केलेल्याचे ७, हे आकडे मी मॅडमना शेजारी ठेवून दाखवले. त्यांनी दोन्ही अहवाल फाइलमध्ये लावायला सांगितले.

कार्यालयात एक फेरी फुकट गेली. निबंधासोबत स्वतःचं लेखन असल्याचं प्रतिज्ञापत्र, साम्य-अहवाल आणि मार्गदर्शकांची सही असलेला नमुना द्यायचा होता. मॅडमची सही १३ तारखेची होती आणि अहवाल पुन्हा काढल्यामुळे १४ तारखेचा. सही अहवालानंतरची हवी म्हणून अर्ज परत आला. त्यामुळे शेवटचा अहवाल हातात आल्यावरच सही घ्या. मॅडम दोन दिवस बाहेरगावी होत्या, म्हणून आणखी तीन दिवस गेले.

जमा करण्याच्या आदल्या रात्री सातवं पान शेवटचं वाचलं. बहिणीला ब्रॅडलींचा परिच्छेद वाचून दाखवला आणि विचारलं, यात माझं कुठून सुरू होतं? तिने पुढच्या परिच्छेदाच्या पहिल्या शब्दावर बोट ठेवलं.